नागपूरच्या उन्हाळ्यात ताप मोजताना: डिजिटल, कपाळाची गन आणि पाऱ्याचा थर्मामीटर

मेडिकलच्या काउंटरवर बसलं की एप्रिल-मेमध्ये एक तक्रार हमखास येते. "भाऊ, हा थर्मामीटर खराब निघाला, बदलून द्या." कुणाचा घरच्या सगळ्यांनाच ताप दाखवतो, कुणाचा अंगाला चटका बसेल एवढ्या तापातही सत्त्याण्णव दाखवतो. तपासून पाहिलं तर बहुतेक वेळा थर्मामीटर धडधाकट असतो. गोंधळ असतो तो खोलीतल्या हवेचा.

घरात ताप मोजायची सगळी साधनं एक गोष्ट गृहीत धरून बनवलेली असतात: भोवतालची हवा माणसाच्या अंगापेक्षा थंड आहे. पुण्यात, नाशकात वर्षातले बहुतेक दिवस ते खरं असतं. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसला सहज जातं, आणि २३ मे २०१३ रोजी तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. पाऱ्याच्या थर्मामीटरवरचे आकडे ४२ अंशांवर, म्हणजे सुमारे १०८ फॅरनहाइटवर संपतात. तेव्हा लाइन गेलेल्या, पत्र्याखालच्या खोलीत थर्मामीटर नुसता फळीवर पडून असला, तरी त्याच्या दृष्टीने त्या फळीलाच ताप आलेला असतो.

म्हणून हा लेख त्या एकाच अडचणीभोवती आहे. तिन्ही साधनं कशी वापरायची ते सांगतोच, पण नागपूरचा उन्हाळा प्रत्येकाला कोणत्या बाजूला चुकवतो, हे कळलं की आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा तेही आपोआप कळतं.

नवीन घर मांडलंय आणि एकच घ्यायचा असेल, तर साधा डिजिटल घ्या. वाकणाऱ्या टोकाचा मिळाला तर लहान मुलांसाठी सोयीचा पडतो. गन हे दुसरं साधन, पहिलं नव्हे. पाऱ्याचा घरात असेल तर नीट जपा, नसेल तर नव्याने घेऊ नका. त्याचं कारण लेखाच्या शेवटी येईलच.

आधी आकड्याबद्दल थोडं

९८.६ हा आकडा आपल्या डोक्यात पक्का बसलाय. तो १९व्या शतकातला. वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये काखेतल्या असंख्य नोंदींवरून ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी मांडली आणि तिचंच फॅरनहाइट म्हणजे ९८.६. नंतर १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांच्या तोंडात मोजून केलेल्या अभ्यासात सरासरी ९८.२ आली. म्हणजे ९८.६ ही काही लक्ष्मणरेषा नाही. पहाटे शरीर सगळ्यात थंड असतं आणि संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास सगळ्यात गरम. या दोहोंत निरोगी माणसातही जवळपास एक अंश फॅरनहाइटचा फरक पडतो. सकाळी ९७.६ आणि संध्याकाळी ९८.६ आलं, तर ताप चढला असं समजायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट, आकडा कुठून घेतला हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. काख ही तोंडापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी दाखवते. म्हणून तोंडात १०० किंवा जास्त आणि काखेत ९९ किंवा जास्त आलं की ताप धरायची पद्धत आहे. पुष्कळ घरांत काखेतल्या आकड्यात 'एक मिळवून' डॉक्टरांना सांगतात. तसं करू नका. तो फरक प्रत्येक माणसात आणि प्रत्येक वेळी सारखा नसतो. तुम्ही मिळवलेला एक आणि डॉक्टरांनी मनातल्या मनात मिळवलेला एक, असे दोन मिळाले की शंभराचा एकशे दोन होतो. "काखेत, चार वाजता, शंभर पॉइंट चार" एवढं सांगितलं की काम झालं.

डिजिटल: बीप वाजली म्हणजे झालं असं नाही

डिजिटलच्या धातूच्या टोकात एक छोटा मणी असतो, त्याला थर्मिस्टर म्हणतात. उष्णता बदलली की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि आतली चिप त्यावरून आकडा काढते. ३५.५ ते ४२ अंशांच्या पट्ट्यात चांगल्या डिजिटलची अचूकता सहसा ०.१ अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास ०.२ फॅरनहाइट इतकी असते. डब्यातल्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं असतं. घरासाठी एवढी अचूकता भरपूर झाली.

मेख दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे बीप. टोकाचं तापमान चढायचं थांबलं, किंवा अगदी हळू चढायला लागलं, की ती वाजते. तोंडात हे मिनिटभरात होतं. काख मात्र आतून हळूहळू तापते, त्यामुळे काखेत बीप लवकर वाजते आणि आकडा त्यानंतरही चढतच राहतो. दुसरी म्हणजे हे यंत्र चालू केल्यापासून आलेला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं. एरवी ते सोयीचं असतं. पण मे महिन्यात टोक आधीच १०५ वर तापलेलं असेल, तर यंत्र तो १०५ धरून बसतं आणि अंग १०० असलं तरी खाली उतरत नाही.

हे ओळखायची खूण पडद्यावर मिळते. बटण दाबलं की आधी सगळ्या रेघा एकदम उजळतात, मग बहुतेक मॉडेलांत मागच्या वेळचा आकडा क्षणभर दिसतो आणि त्यानंतर `Lo` येतं. `Lo` म्हणजे टोक साधारण ९० फॅरनहाइटच्याही खाली आहे, मोजायला तयार आहे. डिसेंबरात हे `Lo` नेहमीच येतं. उन्हाळ्यात त्याऐवजी ९६, १०२ असा एखादा आकडा लुकलुकताना दिसतो, कधी तर थेट `Hi` किंवा `H`. असं दिसलं की थांबा. ते खोलीचं तापमान आहे.

म्हणून आपल्याकडे काखेत मोजायचा क्रम असा ठेवावा:

१. माणसाला सावलीत, शांत बसून निदान पंधरा-वीस मिनिटं होऊ द्या. उन्हातून आल्याआल्या किंवा आंघोळ झाल्याझाल्या मोजू नका.

२. थर्मामीटरचं नुसतं टोक माठाच्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, स्वच्छ फडक्याने कोरडं करा आणि मग बटण दाबा. `Lo` किंवा ९५ च्या खालचा आकडा दिसला की पुढे जा.

३. काखेतला घाम टिपून घ्या. घामट काख थंड आकडा देते, कारण घाम उडताना उष्णता घेऊन जातो.

४. टोक काखेच्या अगदी खोलगट भागात, वरच्या दिशेला टेकवा. बनियनचा कापड मध्ये यायला नको. कोपर अंगाशी दाबून हात छातीवर आडवा ठेवा. मूल असेल तर मांडीवर घेऊन त्याचा हात आपल्या हाताने धरा.

५. बीप वाजली तरी काढू नका, एकूण पाच मिनिटं होऊ द्या. साध्या डिजिटलचा आकडा बीपनंतरही वर जातो.

सहावी पायरी फक्त लिहून ठेवायची: वेळ, जागा, आकडा. फ्रिजवर चिकटवलेला कागद पुरे.

तोंडात मोजायचं असेल तर टोक जिभेखाली मागच्या बाजूला, मधल्या पातळ पडद्याच्या उजव्या किंवा डाव्या अंगाला टेकवायचं, ओठ मिटायचे आणि नाकाने श्वास घ्यायचा. दातांनी चावायचा नाही. चहा, उसाचा रस, बर्फाचा गोळा, काहीही तोंडात गेलं असेल तर अर्धा तास थांबा. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात थर्मामीटर देऊच नये, काखच बरी.

'दहा सेकंदांत' असं डब्यावर लिहिलेले डिजिटल वेगळे. सुरुवातीच्या चढावरून शेवटचा आकडा काय येईल याचा ते अंदाज बांधतात. चांगल्या बनावटीचे असले तर अंदाज बरा असतो, पण टोक आधीच गरम असेल तर तो चढच दिसत नाही आणि अंदाज फसतो. नागपुरात साठ सेकंदांचा साधा बरा, हे माझं मत.

कपाळाची गन: ती ताप मोजत नाही, कातडी मोजते

करोनाच्या काळात मॉलपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे ही गन दिसायला लागली आणि लोकांचा समज झाला की हे सगळ्यात आधुनिक म्हणजे सगळ्यात अचूक. तिचं खरं काम होतं रांगेतल्या माणसांना हात न लावता चाळणं. ते ती करते.

प्रत्येक गरम वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात. गनच्या तोंडाशी असलेला सेन्सर कपाळाच्या कातडीतून येणारे हे किरण मोजतो. कातडीचं तापमान शरीराच्या आतल्यापेक्षा कमी असतं, म्हणून यंत्र खोलीची हवा लक्षात घेऊन त्यात काही मिळवतं आणि 'शरीराचा' आकडा दाखवतं. हे मिळवणं ज्या गृहीतावर चालतं, त्याच गृहीतावर आपला मे महिना पाणी ओततो. बऱ्याच गन साधारण १६ ते ४० अंश सेल्सिअसच्या हवेत वापरण्यासाठी असतात. त्यापलीकडे काही मॉडेल `Er` दाखवून हात वर करतात, तर काही बिनदिक्कत चुकीचा आकडा देतात. प्रयोगशाळेत ०.२-०.३ अंश सेल्सिअसची अचूकता असलेली गन घरात अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास एक फॅरनहाइट इकडेतिकडे होणं काही विशेष नाही.

आणि चुकते कुठल्या बाजूला? तेही ठरलेलं असतं. मूल कूलरसमोर झोपलेलं असेल, कपाळावर घामाचा ओलावा असेल, तर कातडी गार आणि आकडा कमी. नुकतंच उन्हातून स्कूटीवर आलं असेल, तर कातडी तापलेली आणि आकडा जास्त. कपाळावर गंध, बाम, तेल, पावडर किंवा केसांची बट असेल, तरीही आकडा हलतो. ओल्या पट्ट्या ठेवलेल्या कपाळावर गन धरणारेही भेटतात, त्यांना काय म्हणावं!

वापरायची पद्धत सोपी आहे. गन आणि माणूस दोघेही एकाच खोलीत पंधरा-वीस मिनिटं, शक्यतो अर्धा तास असू द्या. गाडीच्या डिक्कीत तापलेली गन गार खोलीत आणून लगेच वापरली, तर सेन्सर स्वतःच गडबडलेला असतो. माणसाला कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, कपाळ कोरड्या रुमालाने टिपा, केस मागे करा. मग दोन भुवयांच्या जरा वर, कपाळाच्या मधोमध, चिठ्ठीत सांगितलेल्या अंतरावर सरळ धरा. हे अंतर बहुतेक गनना तीन ते पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटांची रुंदी असतं. तिरकी धरली किंवा लांबून धरली, तर कपाळासोबत भिंतीचंही तापमान त्यात मिसळतं. तीनदा मोजा. तिन्ही आकडे जवळपास असतील तर ठीक. एक ९७ आणि एक १००, असं आलं तर तिन्ही सोडून द्या.

एक फसवी गोष्ट मुद्दाम सांगतो. बऱ्याच गनवर दोन मोड असतात: `Body` आणि `Surface` (किंवा `Object`). दुसऱ्यात ती काहीच मिळवत नाही, कातडीचं किंवा दुधाच्या बाटलीचं जसंच्या तसं तापमान दाखवते. घरातल्या सगळ्यांना ९३-९४ येत असेल, तर अंग थंड पडलं म्हणून घाबरण्याआधी मोडचं बटण बघा. "खराब निघाली" म्हणून आलेल्या गनमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त सापडतो. त्यानंतर नंबर लागतो सेन्सरच्या काचेवर बसलेल्या धुळीचा. ती कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून हलकेच पुसायची आणि पूर्ण सुकू द्यायची.

गन कशाला ठेवायची मग? रात्री झोपलेल्या मुलाला न उठवता 'चढलाय का' एवढं बघायला. चढलेला वाटला की डिजिटलने खात्री करायची.

पाऱ्याचा: अचूक, पण उन्हाळ्यात हट्टी

जुन्या लोकांचा पाऱ्यावर विश्वास असतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. बॅटरी नाही, बिघाड नाही, आणि नीट वापरला तर ०.१ अंश सेल्सिअसपर्यंत वाचता येतो. फुग्याच्या लगेच वर काचेची नळी एके ठिकाणी चिंचोळी केलेली असते. पारा तापून फुगतो तेव्हा त्या चिंचोळ्या वाटेतून जोराने वर जातो, पण थंड होताना तिथेच तुटतो आणि वर गेलेला तसाच राहतो. म्हणूनच बाहेर काढल्यावरही आकडा टिकतो आणि म्हणूनच पुढच्या वेळी झटकावा लागतो.

आता ४३ अंशांच्या खोलीत काय होतं ते बघा. फळीवर पडलेल्या थर्मामीटरचा पारा आपोआप वरच्या टोकाला जाऊन बसतो. तुम्ही झटकता, तो खाली येत नाही, किंवा येतो आणि बघताबघता परत चढतो. फुग्यातला पारा ४३ अंशांचा असताना तेवढा पारा फुग्यात मावतच नाही, कितीही झटका. उपाय एकच, फुगा आधी माठाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायचा आणि मग मनगटाने झटकायचा, पारा ९५ च्या खाली जाईपर्यंत. पलंग, टेबल, टाइल्स यांच्यापासून लांब उभं राहून झटका. बर्फाच्या पाण्याची गरज नाही, आणि गरम पाण्याने धुवायचा तर नाहीच. पारा ४२ च्या वर जायला जागा उरली नाही की काच तडकते. उन्हात उभ्या कारमध्ये ठेवायचा नाही, तो याच कारणासाठी.

काखेत पूर्ण पाच मिनिटं, मोठ्या माणसाच्या जिभेखाली तीन मिनिटं, आणि ही मिनिटं घड्याळ लावून मोजायची. वाचताना काच बोटांत हळू फिरवा. काचेचा एक बाजूचा भाग भिंगासारखा घडवलेला असतो, त्या कोनातून पाऱ्याची पट्टी रुंद दिसते. फॅरनहाइटच्या बाजूला दोन पूर्ण अंशांमध्ये पाच घरं असतात, म्हणजे एक घर ०.२ चं.

आणि एक गोष्ट, जी चिठ्ठीत कुठे लिहिलेली सापडणार नाही. चिंचोळी वाट पाऱ्याला खाली यायला अडवते, वर जायला नाही. खोली अंगापेक्षा गरम असेल तर बाहेर काढल्यावरही पारा चढत राहतो. काखेतून काढून आजोबांना चष्मा आणायला सांगाल, तोवर १०० चा १०३ झालेला असेल. तेव्हा चष्मा आधी, थर्मामीटर नंतर. फुग्याला बोट न लावता लगेच वाचा, नाहीतर सरळ कूलरच्या खोलीत जाऊन मोजा.

एकाच अंगावर तीन आकडे

मानेवाड्याकडच्या एका ताईंचा मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास फोन आला. चार वर्षांचा मुलगा सकाळपासून मलूल. घरात तिन्ही साधनं.

"भाऊ, गन सत्त्याण्णव पॉइंट चार सांगते, आईंचा पाऱ्याचा एकशेसहा दाखवून राहिला, अन् डिजिटल नव्व्याण्णव पॉइंट एक. कोणाचं ऐकू?"

"आत्ता कोणाचंच नको. पोरगा कुठे आहे?"

पोरगा कूलरच्या पुढ्यात झोपला होता, कपाळ घामाने ओलं. म्हणजे गनचा ९७.४ गेला. पाऱ्याचा थर्मामीटर देवघराशेजारच्या फळीवर होता, त्या बाजूला कूलरची हवा जात नव्हती. सासूबाईंनी झटकला होता, पण पारा किती खाली आला ते बघितलं नव्हतं. ताईंना तो पुन्हा झटकून हातात धरून बघायला सांगितलं. १०५ च्या खाली येईना. म्हणजे १०६ हा खोलीचा आकडा, मुलाचा नव्हे. डिजिटल काखेत लावला होता, बीप वाजताच काढला होता. चाळीसेक सेकंद झाली असतील. तो आकडा खोटा नव्हता, अर्धवट होता.

मग सगळं नव्याने केलं. मुलाला कूलरच्या झोतातून काढून त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आजीच्या मांडीवर बसवलं, अंग टिपलं, वीस मिनिटं तसंच. डिजिटलचं टोक माठाच्या पाण्यात बुडवून पुसलं, `Lo` आलं, काखेत पाच मिनिटं धरला: १००.६. पाऱ्याचा माठात गार करून ९५ च्या खाली झटकला, त्याच काखेत पाच मिनिटं: १००.४. गन कोरड्या कपाळावर तीनदा: ९९.८, ९९.९, ९९.६.

आता तिन्ही एकच गोष्ट सांगत होते. डिजिटल आणि पाऱ्यातला ०.२ चा फरक दोघांच्या अचूकतेच्या पोटात बसतो. गन जवळपास एक अंश खाली आहे, तेही अपेक्षितच. मुलाला ताप आहे, मध्यम आहे. पुढचं मोजमाप कशाने करायचं हे तेव्हाच ठरवलं: डिजिटल, डावी काख, पाच मिनिटं. सहा वाजता त्याच पद्धतीने १०१.४ आला आणि ताईंनी डॉक्टरांना दोन्ही आकडे वेळेसकट सांगितले. तीनला गन आणि सहाला डिजिटल असं केलं असतं, तर ९७.४ वरून १०१.४, चार अंशांनी ताप उसळला असं वाटून घरात रडारड झाली असती. प्रत्यक्षात चढ होता ०.८ चा.

घरच्या घरी पडताळा

डिजिटलवर शंका असेल तर एका स्टीलच्या ग्लासात कोमट पाणी घ्या. उन्हाळ्यात दुपारी टाकीच्या नळाचंच पाणी चटका देणारं असतं, त्यात माठाचं पाणी मिसळत जा. आधी डिजिटलचं टोक बुडवून बघा आणि पाणी १०० ते १०३ च्या दरम्यान आणा. पाऱ्याचा थर्मामीटर त्याआधी त्यात घालू नका, पाणी १०८ च्या वर असेल तर तो तडकेल. मग दोन्हींची टोकं शेजारीशेजारी धरून पाणी चमच्याने हलवत तीन मिनिटं ठेवा. डिजिटल मात्र पाणी योग्य झाल्यावर बंद करून, टोक गार करून, नव्याने चालू करा, नाहीतर तो आधीचा मोठा आकडा धरून बसेल. ०.४ फॅरनहाइटपर्यंत फरक आला तर चालेल. जास्त आला तर आधी बॅटरी बदला, परत तेच झालं तर थर्मामीटर बदला. शेजाऱ्यांचा दुसरा डिजिटल घेऊनही हा पडताळा करता येतो. गनचा पडताळा मात्र पाण्यावर होत नाही, ती कातडीसाठी बसवलेली असते.

डिजिटलची बटणाएवढी बॅटरी बदलताना जुनी लगेच उचलून ठेवा. लहान मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून काही तासांत आतून भाजते. अशा वेळी वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

जिथे थर्मामीटर बघत बसायचं नाही

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध होतो किंवा झटके येतात, तर ऊन लागल्याचा हा टोकाचा प्रकार, उष्माघात आहे. यात शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेलं असतं, पण काख आणि कपाळ ते दाखवतीलच असं नाही. हॉस्पिटलमध्ये ते गुदद्वारातून मोजतात. तुमच्या डिजिटलने १०१ दाखवला म्हणून निवांत बसू नका. १०८ ला फोन लावा, सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता आणि जोरात वारा घाला. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप संसर्गाचा नसतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून पाणीही पाजू नका.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि १००.४ किंवा जास्त आलं, तर पुन्हापुन्हा मोजत न बसता डॉक्टरांकडे जा. काखेत ९९ च्या वर आलं तरी त्याच दिवशी फोन करून विचारा.

पाऱ्याचा फुटला तर

पाऱ्याचा नवीन घेऊ नका म्हणालो ते यासाठी. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, आणि खोली जेवढी गरम तेवढी ती जास्त होते. मिनामाटा या पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं आणि त्यांचा देशोदेशीचा व्यापार २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं, देशांना मुदतवाढ घ्यायची सोय ठेवून. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली.

फुटलाच तर मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना खोलीबाहेर काढा. पंखा आणि कूलर बंद करा, खिडक्या उघडा. हातातली सोन्याची अंगठी, बांगड्या काढून ठेवा, पारा सोन्याला लागला की ते पांढरं पडतं. केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही नकोत, त्यांनी थेंबांचे आणखी बारीक थेंब होऊन पसरतात. हातमोजे घालून काचा उचला. दोन जाड कागदांनी, जुनी लग्नपत्रिका यासाठी उत्तम, थेंब एकमेकांकडे ढकलून एक मोठा थेंब करा आणि झाकणाच्या बाटलीत घ्या. मग खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, राहिलेले थेंब चमकतात. ते चिकटपट्टीने उचलून त्याच बाटलीत टाका. पारा पडलेली सतरंजी वॉशिंग मशीनमध्ये घालू नका.

बाटली मोरीत किंवा संडासात ओतायची नाही. फुटका पाऱ्याचा थर्मामीटर हा घरातला घातक कचरा आहे, म्हणून ती घट्ट बंद करून, वर 'पारा' असं लिहून, ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता कचरागाडीवाल्याला सांगून वेगळी द्या. त्यानंतर खोलीच्या खिडक्या निदान दिवसभर उघड्या राहू द्या, बाहेर कितीही ऊन असलं तरी.